दोन ट्रेड घेतले, पैज मात्र एकच निघाली. करन्सीवाल्यांनो, कुठे चुकलं?

कोपरीपूल (बुधवार, रात्री 9:40)

मंडळी, आधीच सांगतो, खरे पैसे नाहीत. डेमो खातं आहे, 10,000 डॉलरचं, त्यामुळे उपदेशाची पहिली फेरी वाचवा.

माझा नियम असा की एका ट्रेडमध्ये खात्याच्या 1 टक्क्याहून जास्त जाऊ द्यायचं नाही, म्हणजे 100 डॉलर. काल दुपारी युरो-डॉलर खरेदी केला, स्टॉपलॉस 40 पिप. तासाभराने डॉलर-येन विकला, स्टॉपलॉस 62 पिप. दोन्हींचे चार्ट वेगळे, कारणं वेगळी. एक खरेदी, एक विक्री. शिवाय मी कोरिलेशनचा तक्ताही पाहिला होता. त्यात या दोन जोड्यांपुढे उणे 0.6 होतं. म्हटलं उणे आहे, बरंच झालं, एक बुडाला तर दुसरा सावरेल.

संध्याकाळी 7 ला अमेरिकेचा महागाईचा आकडा आला तेव्हा मी ऐरोलीहून लोकलमध्ये चढत होतो. ठाणे यायच्या आत दोन्ही स्टॉप उडाले. 1 टक्क्याच्या शिस्तीत बसून 2 टक्के गेले.

प्रश्न एवढाच: उणे कोरिलेशन असताना दोन्ही एकदम कसे बुडाले? आणि ट्रेड घेण्याआधी हे कळायला काय करायला हवं होतं?

तर्रीवाला (बुधवार, रात्री 9:52)

तुम्ही सकाळी एक वाशी लोकल पकडली आणि एक पनवेल लोकल, म्हटलं एक अडकली तर दुसरी पोचवेल. दिघ्याला वायर तुटली. तुर्भ्यापर्यंत रूळ एकच असतो हो!

सीवूड्स_स्कॅल्पर (बुधवार, रात्री 10:05)

बातमीच्या वेळी ट्रेड उघडा ठेवलात ही चूक. बाकी काही नाही. 6:55 ला बंद करायचं, 7:15 ला परत बघायचं. आणि कोरिलेशनचे तक्ते सोडा, करन्सी स्ट्रेंग्थ मीटर लावा. सगळ्यात बळकट चलन घ्यायचं, सगळ्यात कमजोर विकायचं. मी दोन वर्षं तेच करतोय.

सेक्टर_बारा (बुधवार, रात्री 10:20)

मला यातलं फार कळत नाही, पण करन्सीचा धागा दिसला म्हणून विचारते. लेक जर्मनीला शिकायला जाते आहे. ब्लॉक्ड अकाउंटला 11,904 युरो भरायचे आहेत. फॉरेक्स कार्डावर युरो आधीच भरून ठेवावेत की जाताना? खारघरला चांगला मनीचेंजर कुणाला माहीत आहे का?

कोपरीपूल (बुधवार, रात्री 10:24)

ताई, हा धागा वेगळा आहे हो. मनीचेंजरचं वेगळ्या धाग्यात विचाराल का?

@सीवूड्स, मीटर मीही लावलेलाच होता! त्यातही डॉलर तळाला दाखवत होता, म्हणून तर दोन्ही घेतले.

नौपाडेकर (बुधवार, रात्री 11:10)

कोपरीपूल, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. "डॉलर तळाला होता म्हणून दोन्ही घेतले." बस, हेच.

मी बँकेच्या डीलिंग रूममधून निवृत्त झालो. तिथे संध्याकाळी साहेब कधी "कुठल्या जोड्या उघड्या आहेत" असं विचारत नसत. विचारायचे, "डॉलरमध्ये किती ओपन आहोत? येनमध्ये किती?" रात्रभर कुठल्या चलनात बँक किती उघडी राहू शकते यावर मर्यादा असते आणि तो हिशेब चलनानुसार होतो, जोडीनुसार नाही. जोडी ही फक्त दुकानातल्या पुडक्यासारखी, आत दोन वस्तू बांधलेल्या असतात. तुम्ही पुडकी मोजलीत, आम्ही सोडून वस्तू मोजायचो.

तुमची पुडकी सोडू. 40 पिपला 100 डॉलर म्हणजे पिपमागे अडीच डॉलर, म्हणजे पाव लॉट, 25,000 युरो. भाव 1.16 धरतो. तुम्ही 25,000 युरो घेतले आणि त्यासाठी 29,000 डॉलर विकले. डॉलर-येनला 62 पिपचा स्टॉप, भाव 155 धरला तर तिथेही बरोबर पाव लॉटच येतो. 25,000 डॉलर विकले आणि 38,75,000 येन घेतले. आता चलनाच्या रकान्यात मांडा:

```
            युरो       येन          डॉलर
युरो-डॉलर   +25,000    .            -29,000
डॉलर-येन    .          +38,75,000   -25,000
एकूण        +25,000    +38,75,000   -54,000
```

10,000 च्या खात्यावर 54,000 डॉलर विकलेले. युरो आणि येन ही दोन वेगळी नावं आहेत, पण तुमचं सगळं वजन डॉलरच्या रकान्यात आहे. महागाईचा आकडा कुणाचा आला? डॉलरचा. युरो आणि येनला त्या संध्याकाळी काहीच झालं नव्हतं.

"एक खरेदी, एक विक्री" याने तुम्हाला फसवलं. युरो-डॉलरमध्ये डॉलर शेपटीला असतो, डॉलर-येनमध्ये तोंडाला. म्हणून पहिला घेणं आणि दुसरा विकणं म्हणजे दोन्हीकडे डॉलर विकणंच.

कोपरीपूल (बुधवार, रात्री 11:18)

आई शप्पथ. 54,000.

पण मग तक्त्यातलं उणे 0.6?

नौपाडेकर (बुधवार, रात्री 11:31)

तक्ता खरं सांगत होता, वाचताना चूक झाली. तक्ता गृहीत धरतो की दोन्ही जोड्या तुम्ही खरेदी केल्यात. तुम्ही एक विकलीत, म्हणजे चिन्ह पलटलं. उणे 0.6 चं अधिक 0.6 झालं. दोन्ही विकल्या असत्या तर दोनदा पलटून परत उणेच राहिलं असतं.

अधिक 0.6 ला दोन 1-1 टक्क्यांचा धोका मिळून साधारण 1.8 टक्के होतो. दोन ट्रेडचा खरोखर एकमेकांशी संबंध नसता तर 1.4 झाला असता. दोन्ही मिळून 1 टक्काच हवा असेल तर प्रत्येकी 0.56 च्या आसपास घ्यावा लागतो. हे सरासरी दिवसाचं बोलतोय. बातमी डॉलरची असेल तेव्हा 0.6 विसरा, दोन्ही जोड्या एकाच दोरीला बांधल्यासारख्या हलतात. काल तुमचे पूर्ण 2 गेले ते त्यामुळे.

आता झोपतो. सकाळी तलावपाळीला चालायला जायचंय.

तर्रीवाला (गुरुवार, सकाळी 8:15)

काका, तलावपाळीला चालणं आणि नंतरची मिसळ यांचं कोरिलेशन किती?

सीवूड्स_स्कॅल्पर (गुरुवार, सकाळी 9:02)

काकांचं बरोबर आहे, पण मग उपाय सोपा आहे. डॉलर दोन्हीकडून कापून टाका. युरो-डॉलर घ्या आणि डॉलर-स्विस फ्रँकही घ्या. दोन्ही आरशातल्यासारखे उलटे चालतात, कोरिलेशन उणे 0.9 च्या वर असतं बऱ्याचदा. एक पडला की दुसरा चढतो. फुल हेज. धोका जवळजवळ शून्य.

नौपाडेकर (गुरुवार, सकाळी 10:40)

सीवूड्स, अर्धं बरोबर आहे. डॉलर कापला जातो हे खरं. पण कापल्यावर ताटात काय उरलं ते मांडून बघा ना. पहिल्यात युरो घेतला, डॉलर विकला. दुसऱ्यात डॉलर घेतला, फ्रँक विकला. डॉलर गेला. उरलं युरो घेतलेला, फ्रँक विकलेला. म्हणजे तुम्ही युरो-फ्रँक खरेदी केलात, तोही दोनदा स्प्रेड भरून. त्याला हेज म्हणत नाहीत. तो तिसराच ट्रेड आहे आणि तो घेतल्याचं तुम्हाला ठाऊकही नाही.

ही जोडी दिसायला इतकी शांत का, तेही सांगतो. 6 सप्टेंबर 2011 ला स्विस नॅशनल बँकेने जाहीर केलं की युरो 1.20 फ्रँकच्या खाली जाऊ देणार नाही. सव्वातीन वर्षं तसंच झालं. युरो-फ्रँक हलायचाच नाही, मग युरो-डॉलर आणि डॉलर-फ्रँक एकमेकांचे आरसे होणारच. तेव्हाच्या तक्त्यात उणे एकच्या अगदी जवळचा आकडा यायचा आणि लोक तुमच्यासारखंच म्हणायचे, धोका शून्य.

15 जानेवारी 2015 ला बँकेने ती मर्यादा उठवली. काही मिनिटांत युरो एका फ्रँकच्याही खाली गेला. डॉलर-फ्रँक कोसळला, आणि युरो-डॉलरही त्या दिवशी वर न जाता खालीच आला. आरसा फुटला. "फुल हेज"वाल्यांचे दोन्ही पाय एकदम गेले. त्या दिवशी मी खुर्चीत होतो. आमची फ्रँकमध्ये पोझिशन नव्हती, तरी स्क्रीनवर काही क्षण भावच दिसेना. घ्यायला कुणी नाही, द्यायला कुणी नाही. स्टॉपलॉस लावलेला असून उपयोग काय, त्या भावाला समोर माणूस हवा ना.

सीवूड्स_स्कॅल्पर (गुरुवार, सकाळी 10:58)

दहा वर्षांतून एकदा होणारी गोष्ट आहे ती काका. तेवढ्यासाठी रोजचं दुकान बंद करायचं का?

नौपाडेकर (गुरुवार, सकाळी 11:05)

दुकान चालू ठेवा. पाटीवर "शून्य धोका" लिहू नका, एवढंच.

हळदमिरची (गुरुवार, दुपारी 1:20)

मी वाशीला मसाले एक्स्पोर्टच्या फर्ममध्ये अकाउंट्स बघते. हे वाचून आमच्या शेठची आठवण झाली. माल नेदरलँड्सला आणि इंग्लंडला जातो, बिलं युरोत आणि पौंडात. शेठ दोन्हींपैकी काहीच फॉरवर्ड करत नाहीत. त्यांचं म्हणणं, दोन देश, दोन चलनं, एक पडलं तर दुसरं धरून ठेवेल. 2025 च्या पहिल्या सहा महिन्यांत दोन्हींत मस्त पैसे सुटले आणि शेठ आता सगळ्यांना सांगतात की आपण डायव्हर्सिफाय आहोत. मला तेव्हाच काहीतरी खटकत होतं, पण काय ते मांडता येत नव्हतं. हे तेच प्रकरण आहे का?

नौपाडेकर (गुरुवार, दुपारी 2:45)

ताई, अगदी तेच. फक्त तुमच्या शेठची पैज लागली आणि कोपरीपूलची फसली. पैज लागली की कुणी पुडकं सोडून बघत नाही.

युरो-रुपया म्हणजे युरो-डॉलर गुणिले डॉलर-रुपया. पौंडाचंही तसंच. जानेवारी 2025 मध्ये युरो 1.03 डॉलरच्या आसपास होता आणि डॉलर 86 रुपयांच्या. गुणा, 89 च्या आत-बाहेर येतं. जून अखेरीला डॉलर-रुपया जवळपास तिथेच होता, पण युरो 1.17 वर. 86 ने गुणा, 100 च्या वर. पौंडही याच काळात 105-106 वरून 117 च्या आसपास गेला. रुपयाने यात काही केलंच नाही. डॉलर जगभर घसरला आणि युरो-पौंड दोन्ही त्याच्यासमोर चढले. शेठना वाटतंय ते नेदरलँड्स आणि इंग्लंडवर बसलेत. ते बसलेत डॉलरच्या घसरणीवर, दोन खुर्च्या लावून.

उलट वर्ष आलं की दोन्ही खुर्च्या एकदम मोडतील. दोन्ही फॉरवर्ड करायलाच हव्यात असं मी म्हणत नाही, धंदा त्यांचा. पण दोन्हींची बेरीज एका रकान्यात करून मग किती उघडं ठेवायचं ते ठरवावं. तुमच्याकडे युरोत काही देणं आहे का? मशिनरी, पॅकिंग, फ्रेट? असेल तर तेवढं येण्यातून आधी वजा करा.

हळदमिरची (गुरुवार, दुपारी 3:02)

पॅकिंग मशीनचे हप्ते युरोत आहेत! आणि त्यासाठी आम्ही वेगळ्या बँकेतून युरो विकत घेतो. म्हणजे एका हाताने युरो विकतो, दुसऱ्या हाताने घेतो, दोन्हीकडे बँकेला मार्जिन देतो.

शेठना सांगायची हिंमत गोळा करते.

तर्रीवाला (गुरुवार, दुपारी 3:10)

सांगताना "शेठ, तुम्ही शॉर्ट डॉलर आहात" असं म्हणू नका. त्यांना वाटेल उंचीवर बोललात.

सेक्टर_बारा (गुरुवार, संध्याकाळी 6:30)

मला काल या धाग्यातून हाकललं, पण नौपाडेकर काकांचं वाचून एकदम लख्ख पडलं. माझ्या जावेच्या मुलाच्या वेळी हेच झालं. तिचा भाऊ न्यू जर्सीला असतो. जानेवारी 2025 मध्ये त्याने 12,300 डॉलर बाजूला ठेवले, तेव्हा त्यात 11,904 युरो बसत होते. रुपया पडला तरी आपलं झाकलेलं आहे, असं सगळे म्हणत होते. जूनच्या शेवटी भरायला गेले तर तेवढ्याच डॉलरचे साडेदहा हजार युरो येत होते. चौदाशे युरो कमी पडले. आम्हाला वाटलं मधल्या माणसाने खाल्ले. इतके दिवस त्याच्याशी धड बोलणं नाही!

नौपाडेकर (गुरुवार, संध्याकाळी 7:05)

ताई, 12,300 ला 1.17 ने भागा, 10,513 येतात. त्या माणसाशी बोला, त्याने काही खाल्लं नाही. डॉलर ठेवणं म्हणजे रुपया पडण्यापासून बचाव होता, पण देणं युरोचं होतं. त्यामुळे नकळत डॉलर घेतलेला आणि युरो विकलेला अशी एक पैज लागून गेली. तुमच्या लेकीसाठी युरोच घ्या. एकदम की टप्प्याटप्प्याने ते तुमच्या सोयीने, पण युरोच. मनीचेंजर मला माहीत नाही.

कोपरीपूल (गुरुवार, संध्याकाळी 7:20)

ताई, काल हाकललं त्याबद्दल सॉरी. तुमचा प्रश्न माझ्यापेक्षा धाग्याच्या जवळचा निघाला.

काका, आता स्ट्रेंग्थ मीटरचं सांगा. तो नक्की काय मोजतो? आणि तो बघून दोन ट्रेड वेगळे आहेत की नाहीत हे कळतं का?

नौपाडेकर (गुरुवार, रात्री 9:15)

कळतं, पण हाताने एकदा काढून बघितलंत तर. तयार मीटरचे रंगीत पट्टे बघून नाही.

चारच चलनं घेऊ. समजा आठवड्यात युरो-डॉलर 0.6 टक्के चढला, पौंड-डॉलर 0.8 चढला आणि डॉलर-येन 1.4 पडला, म्हणजे येन डॉलरपुढे 1.4 चढला. डॉलर शून्य धरा. युरो 0.6, पौंड 0.8, येन 1.4. चौघांची बेरीज 2.8, सरासरी 0.7. प्रत्येकातून ही सरासरी वजा करा. डॉलर उणे 0.7, युरो उणे 0.1, पौंड अधिक 0.1, येन अधिक 0.7.

आता युरोकडे बघा. चार्टवर युरो-डॉलर 0.6 चढलेला दिसतो, देखणी हिरवी मेणबत्ती. पण युरो स्वतः उणे 0.1 आहे. तो चढलेलाच नाही, डॉलर खाली गेला म्हणून तो वर दिसला. होडी बुडताना काठ उंच वाटतो तसं. येन मात्र खरा चढला. म्हणजे या आठवड्यात "युरो-डॉलर घ्या" आणि "डॉलर-येन विका" हे दोन संकेत दिसतात, पण पहिल्यात सांगण्यासारखी गोष्ट एकच, डॉलर. ती दुसऱ्यात आहेच. पहिल्याने काही नवीन आणलं नाही.

मग दुसरा ट्रेड कुठला? डॉलर नसलेला बघा, पौंड आणि युरोमधला. फरक 0.2. त्यात काही नाही. म्हणजे त्या आठवड्यात ट्रेड एकच होता, डॉलर-येन विकणं. दुसरा शोधायचाच नव्हता. हे पचायला सगळ्यात जड, कारण स्क्रीनवर 28 जोड्या लुकलुकत असतात. पण आठ चलनांच्या त्या 28 जोड्यांमागे स्वतंत्र आकडे सातच असतात, बाकी सगळे त्यांच्याच बेरजा-वजाबाक्या.

सीवूड्स_स्कॅल्पर (गुरुवार, रात्री 9:40)

हे मान्य. माझ्या मीटरमध्ये युरो हिरवा दिसतो अशा वेळी. कदाचित तो फक्त डॉलरवाल्या जोड्या धरत असेल, तपासतो.

पण काका, मीटर मागचं दाखवतो. गेल्या आठवड्यात येन बळकट होता म्हणून पुढच्या आठवड्यात राहीलच असं कुठेय?

नौपाडेकर (गुरुवार, रात्री 9:52)

कुठेच नाही. मी त्यावरून भविष्य सांगत नाही. दोन ट्रेडमध्ये सामाईक काय आहे ते बघायला वापरतो. तुम्ही त्यावर एंट्री घेता, तो तुमचा प्रश्न. यावर आपलं एकमत व्हायचं नाही.

ढोकाळी_डेटा (गुरुवार, रात्री 10:30)

एक भर घालतो. कोरिलेशन स्वतः काढणार असाल तर भावांवर काढू नका, रोजच्या बदलावर काढा. मी सुरुवातीला बंद भावाच्या दोन रकान्यांवर थेट फॉर्म्युला लावला, 0.95 आलं आणि मी दोन्ही जोड्या एकच समजून बसलो. दोन्ही महिनाभर वर जात होत्या, बाकी संबंध नव्हता. रोजचा बदल घेतल्यावर तेच 0.4 झालं. B आणि C मध्ये भाव असतील तर:

```
D3:  =LN(B3/B2)
E3:  =LN(C3/C2)
     =CORREL(D3:D62,E3:E62)
```

हे 60 दिवसांचं झालं. 20 दिवसांचंही शेजारी काढा. दोन्हींत मोठा फरक असेल तर कुठलाच आकडा धरून लॉट ठरवू नका.

सीवूड्स_स्कॅल्पर (गुरुवार, रात्री 10:41)

60 दिवस म्हणजे इतिहास झाला राव. मी तासाच्या मेणबत्तीवर 100 घेतो.

ढोकाळी_डेटा (गुरुवार, रात्री 10:44)

ट्रेड किती वेळ ठेवता त्यावर आहे. तुम्ही दोन तास ठेवता, दुसरा कुणी दोन दिवस.

वर्तकनगर (शुक्रवार, सकाळी 7:50)

सगळं छान चाललंय, पण डेमोवरून खऱ्यावर जाण्याआधी एक लक्षात ठेवा. परदेशी प्लॅटफॉर्मवर मार्जिनने युरो-डॉलर खेळणं आपल्याकडे बेकायदेशीर आहे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2022 पासून अशा प्लॅटफॉर्मची अ‍ॅलर्ट लिस्ट लावली आहे, आणि यादीत नाव नाही म्हणजे परवानगी आहे असंही नाही. एक्स्चेंजवर युरो-डॉलर, पौंड-डॉलर, डॉलर-येनचे फ्युचर्स आहेत, लॉट 1,000 चा. रुपयाच्या जोड्यांना 3 मे 2024 पासून खरी देणी-घेणी असायला हवीत हे रिझर्व्ह बँकेने ठणकावून सांगितल्यावर तिथे शुकशुकाट झाला. हळदमिरची ताईंच्या फर्मला अडचण नाही, त्यांची बिलं आहेत.

माझ्या शेजाऱ्याचे अशाच एका अ‍ॅपवर साडेतीन लाख अडकलेत. नफा स्क्रीनवर दिसतो, काढता येत नाही.

निफ्टीवाला_कळवा (शुक्रवार, सकाळी 9:05)

मी करन्सीच्या वाटेला जात नाही. निफ्टी आणि बँक निफ्टी, बस. या भानगडी आपल्याला नाहीत.

ढोकाळी_डेटा (शुक्रवार, सकाळी 9:11)

निफ्टीत सगळ्यात मोठा वाटा बँका आणि फायनान्सचाच आहे की. काखेत कळसा...

कोपरीपूल (शुक्रवार, रात्री 8:30)

काका, दोन दिवस वही घातली. प्रत्येक ट्रेडआधी पेन्सिलीने रकाने. डॉलर, युरो, पौंड, येन. ज्या रकान्यात दुसऱ्यांदा तेच चिन्ह येतं तिथे दुसरा ट्रेड निम्मा करतो किंवा सोडतो. काल त्यामुळे एक सोडला. तो चाललाही असता, हळहळ वाटली. पण असो.

आज दोन मिळाले: पौंड-डॉलर खरेदी, युरो-येन खरेदी. पौंड अधिक, डॉलर उणे, युरो अधिक, येन उणे. चार चलनं, चार रकाने, एकही पुन्हा नाही. आता तरी दोन ट्रेड खरेच दोन आहेत ना?

नौपाडेकर (शुक्रवार, रात्री 9:20)

रकान्यांपुरते दोन आहेत. शाबास.

आता नवीन खोडा घालतो. 5 ऑगस्ट 2024 आठवतो? 31 जुलैला बँक ऑफ जपानने दर 0.25 टक्क्यांवर नेला. वर्षानुवर्षं लोकांनी स्वस्तातले येन उधार घेऊन जगभर काय काय घेऊन ठेवलं होतं, ते परत करायला एकच धावपळ सुटली. जुलैत डॉलर 161 येनच्या वर गेला होता, त्या सोमवारी 142 च्या खाली घसरला. टोकियोचा निक्केई एका दिवसात 12 टक्के पडला. तुमचा युरो-येन त्या दिवशी आपटला असता, आणि पौंडही डॉलरपुढे थोडा खालीच होता. रकान्यात काहीच सामाईक नाही, तरी दोन्ही लाल. कारण दोन्ही ट्रेड "जगात सगळं सुरळीत आहे" यावर उभे आहेत. त्या वाक्याचा रकाना वहीत नसतो.

निफ्टीवाला_कळवा (शुक्रवार, रात्री 9:34)

थांबा, 5 ऑगस्ट? त्या दिवशी निफ्टी 662 पॉइंट पडला होता. माझे पुट विकलेले होते. मी आजवर आपल्याकडच्याच कुठल्या बातमीला शिव्या घालत होतो.

म्हणजे मी येन शॉर्ट होतो?

तर्रीवाला (शुक्रवार, रात्री 9:36)

अभिनंदन. कळव्यात बसून जपानला उधारी लावलीत.

कोपरीपूल (शुक्रवार, रात्री 9:50)

काका, मग काय करू? पाचवा रकाना आखू का? त्यात काय लिहू?

नौपाडेकर (शुक्रवार, रात्री 10:15)

मी आखायचो. वर फक्त एक प्रश्नचिन्ह काढायचो. आणि ट्रेडसमोर लिहायचो, बाजार घाबरला तर याला फायदा की तोटा. आकडा नाही, नुसतं अधिक-उणे. दोन्हींपुढे उणे आलं तर लॉट कमी. किती कमी, त्याचं गणित मला कधी जमलं नाही. ढोकाळीवाल्यांना जमत असेल तर सांगा.

ढोकाळी_डेटा (शुक्रवार, रात्री 10:22)

मलाही नाही. मी निम्मा करतो. निम्माच का, याला कारण नाही.

हळदमिरची (शनिवार, सकाळी 11:00)

शेठना सांगितलं. मशीनचे हप्ते आता येणाऱ्या युरोतूनच भरायचे ठरले, बँकेशी बोलणं सुरू आहे. उघड्या युरो-पौंडांबद्दल मात्र म्हणाले, "चाललंय ना, मग?"